विनंती अर्ज आणि एक फ्रेंच पत्र

२०२४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास वस्तीतल्या अभ्यासिकेला कुलूप लावत होते, तेवढ्यात ग्रेनोबलहून फोन आला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. "ताई, एक पत्र पाठवलंय. जरा बघता का? या आठवड्यात द्यायचंय."

हा मुलगा आमच्याच अभ्यासिकेत बसून बारावी आणि नंतर इंजिनिअरिंग झाला. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मिळवून फ्रान्सला गेला. पाणीपुरवठ्याच्या अभियांत्रिकीत त्याचं मास्टर्स चालू होतं आणि ते शेवटचं वर्ष होतं. तिथे शेवटच्या वर्षाचं दुसरं सत्र बहुतेक अभियांत्रिकी विद्यार्थी कंपनीत काढतात. त्याला 'स्ताज' म्हणतात, म्हणजे आपली इंटर्नशिप. हा स्ताज झाला नाही तर पदवी अडकते. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तो सुरू होतो, त्यामुळे शोधाशोध आदल्या सप्टेंबरपासूनच चालू असते. बायोडेटासोबत एक पानाचं पत्र द्यायचं असतं, त्याचं नाव 'लेत्र द मोतिव्हासिओं'. हे काम तुम्हाला का करायचंय आणि तुम्ही ते करू शकाल हे कशावरून, एवढंच त्यात सांगायचं असतं.

माझं फ्रेंच बेताचंच. एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं, बोर्दिअ मुळातून वाचायची हौस आली, म्हणून दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला गेले. बोर्दिअ मुळातून काही वाचून झाला नाही, पण पत्र समजण्याइतकी भाषा आली. त्याला म्हटलं, "व्याकरण तुझ्या वर्गातल्या कुणाला तरी दाखव. मी मजकूर बघते."

मजकूर वाचला आणि कुलपाची किल्ली हातात धरून तशीच पायरीवर बसले.

पत्रातले शब्द फ्रेंच होते, पण तो होता आपला विनंती अर्ज. आपल्या नामांकित कंपनीत मला संधी द्यावी ही नम्र विनंती. मी अत्यंत गरीब कुटुंबातून आलो आहे. वडील मजुरी करतात. मी मेहनती, प्रामाणिक आणि आज्ञाधारक आहे. मानधन न देताही काम करायची माझी तयारी आहे. संधी दिल्यास मी आपला जन्मभर ऋणी राहीन.

मित्रांनो, हे पत्र मला परकं वाटलं नाही, म्हणून जास्त लागलं. शाळेत रजेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' लिहायला आपण सगळेच शिकलो. पुढे समाजकल्याणच्या कार्यालयात, वसतिगृहात, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर याच भाषेत अर्ज केले. मी स्वतः गेली दहा वर्षं लोकांना हेच अर्ज लिहून देते आहे. हक्काची रक्कम मागायची असली तरी 'कृपा व्हावी' लिहायचं, कारण खिडकीपलीकडच्या माणसाला ते ऐकायची सवय असते. ती सवय मुलाच्या हाताला मीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पत्र ओळीओळीने उघडून बसलो. त्याच्या विद्यापीठातल्या करिअर विभागातल्या बाईंनी त्याला तीन शब्द लिहून दिले होते: वू, म्वा, नू. तुम्ही, मी, आपण. फ्रेंच पत्राचा हा प्रचलित साचा आहे. पहिल्या परिच्छेदात कंपनीबद्दल आणि तिच्या कामाबद्दल लिहायचं, दुसऱ्यात स्वतःबद्दल, तिसऱ्यात दोघं मिळून काय करू शकतील ते. त्याने या साच्यात मजकूर भरला होता, पण 'तुम्ही'मध्ये स्तुती, 'मी'मध्ये गरिबी आणि 'आपण'मध्ये उपकार आले होते.

पहिल्या परिच्छेदापासून सुरुवात केली. मी विचारलं, "ही कंपनी करते काय?" तो म्हणाला, "पाण्याच्या जाळ्यांचं काम. मोठी आहे." "ते नको. जाहिरातीत काय मागितलंय ते वाच." जाहिरातीत सहा महिन्यांचं काम स्पष्ट दिलेलं होतं. डोंगराळ भागातल्या एका गावाच्या पाणीपुरवठ्याचं संगणकावरचं मॉडेल दुरुस्त करायचं आणि गळती कोणत्या भागात आहे ते शोधायचं. मग तो आपसूक बोलायला लागला. डोंगरातल्या गावात टाकी वर आणि घरं खाली असतात, त्यामुळे खालच्या नळांमध्ये दाब फार वाढतो. दाब जितका जास्त तितकं त्याच भोकातून पाणी जास्त गळतं. म्हणून सपाट गावाचं मॉडेल तिथे तसंच्या तसं चालत नाही. मी म्हटलं, "हेच लिही. हाच तुझा पहिला परिच्छेद." 'नामांकित' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी त्या कंपनीसमोरची अडचण आली. वाचणाऱ्याला कळतं की या मुलाने जाहिरात वाचली आहे आणि ती त्याला समजली आहे. स्तुती कोणत्याही कंपनीला चिकटवता येते, त्यामुळे तिच्यावरून काहीच कळत नाही.

दुसरा परिच्छेद सर्वांत अवघड गेला. 'मी मेहनती आहे' काढून टाकल्यावर त्याला काही सुचेना. "ताई, स्वतःची फुशारकी कशी मारू?" मी म्हटलं, फुशारकी नको, मागच्या वर्षी काय केलंस तेवढं सांग. मग हळूहळू निघालं. त्याच्या गटाने एका छोट्या गावाच्या जाळ्याचं मॉडेल EPANET या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं होतं. रात्री दोन ते चारच्या दरम्यान लोक झोपलेले असतात, वापर जवळजवळ नसतो. तरीही त्या वेळी जे पाणी जाळ्यात शिरतं, त्यातलं बरंचसं गळतीचं असतं. त्यावरून प्रत्येक भागाची गळती काढून त्यांनी ती मॉडेलमध्ये घातली. मग जागेवर मोजलेला दाब आणि मॉडेलमधला दाब जुळवून पाहिला. बहुतेक ठिकाणी जुळला. एका गल्लीत मात्र मॉडेल सांगत होतं त्यापेक्षा प्रत्यक्षातला दाब बराच कमी होता.

"मग?"

"मग काय, गटातले म्हणाले की पाइप जुना असेल, खडबडीतपणाचा आकडा वाढवून टाकू, जुळेल. मला पटेना. एवढा खडबडीत पाइप असूच शकत नाही. मी गावच्या पाणीवाल्या माणसाबरोबर तिथे गेलो. नकाशावर पूर्ण उघडा दाखवलेला एक व्हॉल्व्ह अर्धवट बंद निघाला."

मी विचारलं, "हे पत्रात का नाही?" तो म्हणाला, "ही काय सांगायची गोष्ट आहे?"

मित्रांनो, सांगायची गोष्ट तीच होती. मॉडेलचं काम करणाऱ्या कुणाही अभियंत्याला ठाऊक असतं की आकडे ओढूनताणून जुळवता येतात आणि ते मॉडेल पुढे फसवतं. मॉडेल जुळत नाही तेव्हा आकडा बदलण्याआधी जागेवर जाऊन पाहणारा मुलगा त्याला हवाच असतो. 'मी प्रामाणिक आहे' असं दहादा लिहून जे सिद्ध झालं नसतं, ते त्या व्हॉल्व्हच्या तीन ओळींनी झालं. फरक किती होता हेही त्याने घातलं: आधी पंधरा मीटरचा, व्हॉल्व्ह मॉडेलमध्ये घेतल्यावर दोन मीटरच्या आत.

इथे मला बोर्दिअ आठवला. तो म्हणतो की भाषेचाही बाजार असतो आणि तेच वाक्य कोण बोलतं यावर त्याची किंमत ठरते. ज्याच्या घरात दोन पिढ्या इंजिनिअर आहेत त्या मुलाला जेवणाच्या टेबलावरच कळतं की कोणती गोष्ट सांगण्यासारखी असते. आपल्या मुलाकडे काम असतं, पण हे काम 'सांगण्यासारखं' आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो गरिबी सांगतो, कारण आजवर प्रत्येक खिडकीने त्याला तेवढंच विचारलेलं असतं.

गरिबीबद्दल आमचा वादही झाला. तो म्हणाला, "ताई, आपण कुठून आलो ते लपवायचं का? तुम्हीच तर सांगता, लपवू नका." प्रश्न रास्त होता. बायोडेटात आम्ही शिष्यवृत्तीचं पूर्ण नाव ठेवलं. ती त्याने मिळवली आहे, तिथे लाजण्यासारखं काही नाही. पण पत्रातून वडिलांची मजुरी काढली. ते पत्र दाब आणि गळतीबद्दल आहे. वडिलांचे कष्ट त्यात दयेसाठी वापरले तर आपणच त्या कष्टांची किंमत कमी करतो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग स्वतःच ती ओळ खोडली.

आता त्या सर्वांत वाईट वाक्याकडे येते: मानधन न देताही काम करायची तयारी आहे. त्याला वाटलं होतं यामुळे आपली बाजू जड होईल. झालं असतं उलटं. फ्रान्समध्ये स्ताज दोन महिन्यांहून जास्त असेल तर मानधन देणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. त्याला 'ग्रातिफिकासिओं' म्हणतात. २०२५ साली त्याचा किमान दर तासाला ४.३५ युरो होता. दिवसाचे सात तास आणि महिन्याचे बावीस दिवस धरले तर सुमारे ६७० युरो होतात. पगाराच्या मानाने हे थोडेच आहेत, पण तो त्याचा हक्क आहे आणि सोडतो म्हटलं तरी सोडता येत नाही. शिवाय विद्यापीठ, कंपनी, विद्यार्थी, विद्यापीठातला मार्गदर्शक आणि कंपनीतला मार्गदर्शक अशा पाच जणांच्या सह्यांचा करार झाल्याशिवाय स्ताज सुरूच होत नाही. त्या कराराचं नाव 'कोंव्हांसिओं द स्ताज'. मानधनाची रक्कम त्यात लिहिलेली असते. एका कंपनीत एका शैक्षणिक वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ स्ताजवर ठेवता येत नाही, हीही मर्यादा आहे. म्हणजे जाणत्या माणसाने ते वाक्य वाचलं असतं तर त्याला एवढंच कळलं असतं की या मुलाला इथले नियम माहीत नाहीत. आणि कंपनी लबाड असती तर तिला आणखी काही कळलं असतं.

मी त्याला फक्त एकच आठवण करून दिली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी विधेयक आणलं, ते कशासाठी? नाममात्र मोबदल्यावर रात्रंदिवस राबवून घेणं थांबावं म्हणून. त्यांचा नातू शोभेल अशा वयाचा मुलगा स्वतःहून फुकट राबायला तयार असल्याचं लेखी देत होता, तेही जिथे कायदा त्याच्या बाजूने उभा आहे तिथे. त्या वाक्याच्या जागी आम्ही दोन कोरडी वाक्यं घातली: मी ३ फेब्रुवारी २०२५ पासून सहा महिन्यांसाठी उपलब्ध आहे. विद्यापीठ स्ताजचा करार देईल. कंपनीला हीच माहिती हवी असते, कारण करार नसेल तर ती त्याला घेऊच शकत नाही.

मग उरली बाहेरची मांडणी. डावीकडे वर आपलं नाव-पत्ता, उजवीकडे त्यांचा, मग गाव आणि तारीख. 'ऑब्झे' म्हणजे विषय: कोणता स्ताज, किती महिने, कधीपासून. मजकूर एका पानाच्या आत. नाव माहीत नसेल तर 'मादाम, मस्यू' असं संबोधन. बाईंचं नाव माहीत असलं तरी नुसतं 'मादाम' लिहायचं, पुढे आडनाव जोडायचं नाही. इंग्रजीवरून फ्रेंच लिहिताना आपली मुलं कुठे घसरतात तेही दिसलं. त्याने 'मी माझी ओळख करून देतो' यासाठी इंग्रजीतल्या इंट्रोड्यूसवरून शब्द घेतला होता. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'मी आत शिरतो' असा होतो. 'आक्त्युएलमाँ' हा शब्द 'खरं तर' या अर्थाने वापरला होता, त्याचा अर्थ 'सध्या' असा आहे. या चुका त्याच्या वर्गमैत्रिणीने काढल्या. त्या माझ्या नजरेतून सुटल्या असत्या.

शेवटच्या ओळीवर मी अडकले. फ्रेंच पत्र संपतं ते असं: 'झ वू प्री दाग्रेए, मादाम, मस्यू, लेक्सप्रेसिओं द मे सालुतासिओं दिस्तँगे.' शब्दशः अर्थ घेतला तर, माझ्या आदरपूर्वक नमस्कारांचा आपण स्वीकार करावा अशी मी प्रार्थना करतो. मी म्हटलं, "अरे, हे तर पुन्हा आपलं 'आपला नम्र'च झालं की! आत्ता एवढं सगळं काढलं ते कशाला?" तो हसला. म्हणाला, "ताई, हे सगळेच सगळ्यांना लिहितात. कंपनीचा मालक मला नकार कळवेल तेव्हा त्याच्याही पत्राखाली हेच असेल."

तिथे मला फरक कळला. आपला 'आज्ञाधारक' एकाच दिशेने जातो, खालून वर. साहेब उत्तर देताना 'आपला आज्ञाधारक' लिहीत नाही. हे फ्रेंच वाक्य दोन्ही दिशांनी जातं, म्हणून त्यात कुणी लहान होत नाही. ते जसंच्या तसं लिहायचं, सुरुवातीला जे संबोधन केलं तेच त्यात पुन्हा वापरायचं आणि पुढे जायचं. ते असलं तर कुणाचं लक्ष जात नाही, नसलं तर मात्र जातं.

पत्र गेलं. त्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं आणि अर्धा वेळ व्हॉल्व्हबद्दलच विचारलं. पण निवड दुसऱ्याची झाली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पत्र चांगलं झालं की जागा मिळतेच असा समज व्हायला नको. तिथेही ओळखीपाळखी चालतात. कुणाचा काका कंपनीत असतो, कुणी मागच्या वर्षीच्या स्ताजवाल्याला ओळखत असतो. आणि पत्राच्या माथ्यावर नाव असतंच. फ्रान्समध्ये २००६ साली पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांनी बायोडेटा निनावी करून वाचावा असा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी सुरूच झाली नाही आणि २०१५ साली ते ऐच्छिक करून टाकलं. मधल्या काळात सरकारी रोजगार संस्थेसोबत एक प्रयोग झाला, त्याचा निकाल अनपेक्षित निघाला. त्यात स्वेच्छेने उतरलेल्या कंपन्यांमध्ये, बायोडेटा निनावी केल्यावर स्थलांतरित घरांतल्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली. एक स्पष्टीकरण असं दिलं गेलं की नाव दिसत असताना या कंपन्या त्यांच्या बायोडेटातल्या उणिवा परिस्थिती लक्षात घेऊन वाचत होत्या, नाव गेल्यावर नुसत्या उणिवा उरल्या. शिवाय मुळात ज्यांना भेदभाव करायचा नाही अशाच कंपन्या पुढे आल्या असण्याची शक्यता होती. त्यामुळे नाव झाकलं की न्याय होतो आणि नाव दाखवलं की अन्याय, एवढं ते सोपं नाही. पत्राला नाव झाकता येत नाही. नावाखाली काय लिहायचं, एवढंच लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

त्याने आणखी अकरा पत्रं पाठवली. प्रत्येक वेळी पहिला परिच्छेद नव्याने लिहिला, दुसरा जवळजवळ तोच ठेवला. सात ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. डिसेंबरात एका छोट्या सल्लागार कंपनीने घेतलं, तीही डोंगरातल्या गावांच्या पाण्याचं काम करणारी. फेब्रुवारीत पाच सह्यांचा करार त्याने मला फोटो काढून पाठवला. मानधनाच्या रकमेवर त्याने पेनाने गोल केला होता.

तेव्हापासून अभ्यासिकेत मी एक गोष्ट बदलली आहे. कुणी अर्ज लिहून घ्यायला आलं की आधी विचारते, हे मागणं कोणत्या नियमाने, कोणत्या जी.आर.ने तुझं आहे? तो क्रमांक पहिल्या ओळीत घालते. मागच्या आठवड्यात एक मुलगी वसतिगृहाच्या निर्वाहभत्त्याचा अर्ज घेऊन आली होती. खाली लिहिलं होतं, 'आपली आज्ञाधारक'. मी पेन तिच्या हातात दिलं. तिने ते खोडलं, क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'आपली, अर्जदार'.

जय भीम.